सर्पदंशाचा विमा दावा: अर्जातल्या तारखा आणि कागदांवरच्या तारखा

प्रश्न: माझे वडील सर्पदंशाने वारले. बँकेतून वर्षाला वीस रुपये कापतात त्या सरकारी विम्याचे दोन लाख मिळावेत म्हणून मी असा अर्ज लिहिलाय: "मा. विमा कंपनी साहेब, माझे वडील दि. १८ जुलै रोजी रात्री शेतात साप चावल्यामुळे मयत झाले. ते घरातील एकमेव कर्ते होते. बँक दरवर्षी त्यांच्या खात्यातून विम्याचे पैसे कापते. आम्ही गरीब शेतकरी असून यंदा दुबार पेरणी करावी लागली, घरी वृद्ध आई आहे. तरी विमा रक्कम लवकर मिळावी ही नम्र विनंती." सोबत मृत्यूचा दाखला आणि आधार जोडतोय. बाकी जे कागद घरात आहेत त्यांचे फोटो पाठवतो. आज २९ ऑगस्ट, महिना उलटून गेला. अजून काय लागेल, आणि उशीर चालेल का? पत्र तपासून द्या. (कळंब तालुका, जि. धाराशिव)

उत्तर:

कागदांचे फोटो एकेक मोठे करून पाहिले आणि तुमच्याशी, तुमच्या आईंशी फोनवर तासभर बोललो. वडील जाऊन दीड महिनाही झाला नाही, अशात त्या रात्रीबद्दल आईंना इतकं खोदून विचारावं लागलं याचं वाईट वाटलं. पण त्या तासाभरात जे कळलं त्यातलं जवळजवळ काहीच तुमच्या अर्जात नाही, आणि दावा उभा राहणार आहे तो त्याच्यावरच.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत आमच्या शाखेतले या विम्याचे दावे माझ्याच टेबलावरून पुढे जायचे. परत आलेले दावेही माझ्याकडेच यायचे. परत येण्याचं कारण बहुतेक वेळा विम्याचा नियम नसायचा. अर्ज एक सांगतोय आणि जोडलेला कागद दुसरंच सांगतोय, हे असायचं.

तुमच्या अर्जात तसंच झालंय. अर्ज म्हणतो १८ जुलैला मयत. मृत्यूच्या दाखल्यावर २० जुलै आहे, आणि ठिकाण शेत नाही, जिल्ह्याच्या गावातलं रुग्णालय आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर १९ जुलै, पहाटे ४.१० अशी वेळ आहे. यातलं काहीच खोटं नाही. वडील १८ तारखेला संध्याकाळी शेतातल्या आखाड्यावर मुक्कामाला गेले, साप मध्यरात्रीनंतर चावला म्हणजे तारीख १९ लागली, आणि जीव गेला २० तारखेला. घरच्यांच्या तोंडी ती सगळी "अठराची रात्र" आहे आणि ते स्वाभाविकच आहे. पण विमा कंपनीच्या दावा विभागातला माणूस दूर शहरात बसलेला असतो. त्याला तुमचा आखाडा माहीत नाही, तुम्ही माहीत नाही. त्याच्यासमोर तीन कागद आणि तीन तारखा येतात. तो फोन करून विचारत नाही, शेरा मारून फाइल शाखेकडे परत पाठवतो. शाखेतून तुम्हाला निरोप यायला पुढचा महिना उजाडतो.

म्हणून पहिली दुरुस्ती तारखेची. जिथं जिथं रात्र येते तिथं दोन्ही तारखा लिहा: "१८ व १९ जुलै २०२५ च्या मधली रात्र, १९ जुलैच्या पहाटे अंदाजे १.३० वाजता". "अंदाजे" हा शब्द ठेवा, कारण घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही दीड हा आकडा कशावरून सांगितलात? तर वडिलांनी तुम्हाला लावलेला फोन १ वाजून ३८ मिनिटांचा आहे आणि तो तुमच्या मोबाइलच्या यादीत अजून दिसतोय. त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. मोबाइलची यादी भरली की जुने फोन पुसले जातात, आणि त्या रात्रीची वेळ सांगणारा रुग्णालयाबाहेरचा तेवढा एकच पुरावा तुमच्याकडे आहे.

आता त्या रात्रीचा क्रम. तुम्ही अर्जात "साप चावल्यामुळे" एवढंच लिहिलंय. फोनवर मात्र सांगितलंत की वडील आखाड्यात जमिनीवर घोंगडी टाकून झोपले होते, उजव्या हाताच्या करंगळीला टोचल्यासारखं झालं म्हणून जागे झाले, बॅटरी लावली तर काळा, अंगावर पांढरे बारीक पट्टे असलेला साप भिंतीकडे जाताना दिसला. सूज नव्हती, दुखतही फारसं नव्हतं. म्हणून पहिला तासभर घरच्यांना ते तितकं गंभीर वाटलं नाही.

हे सगळं वर्णन मण्यारीचं आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची खूण सुईच्या टोकाएवढी असते आणि नाग किंवा घोणस चावल्यावर येते तशी सूज बहुधा येत नाही. तिचं विष मज्जासंस्थेवर जातं. आधी पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच काम करेनासे होतात. सापाची जात सिद्ध करायची म्हणून मी हे सांगत नाही. विम्याला जात लागत नाही, तुम्हीही अर्जात "मण्यार" असं ठामपणे लिहू नका, जे पाहिलं तेवढंच लिहा. कारण वेगळंच आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर वरच्या ओळीत "अज्ञात दंश" लिहिलंय, खाली पोटदुखी आणि उलटी लिहिलीय. आणि शवविच्छेदन अहवालात मृत्यूच्या कारणासमोर "अभिप्राय राखून ठेवला, व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी जतन केला" असं आहे.

आपल्या भागातला शेतकरी, रात्री एकटा शेतात, उलट्या, आणि व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने राखून ठेवलेले. एवढं वाचल्यावर दावा तपासणाऱ्याच्या मनात काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. विष घेतलं असेल का, ही शंका तो कागदावर लिहीत नाही. फक्त "अंतिम कारण सादर करावे" असा शेरा मारतो आणि फाइल बाजूला ठेवतो. आत्महत्या या विम्यात बसत नाही. म्हणून ती शंका फिटेल असा पुरावा तुम्ही आधीच, कुणी न मागता पुढे ठेवायचा.

तो पुरावा तुमच्याकडेच आहे, फक्त तुम्ही तो जोडलेला नाही. ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवताना दिलेली रेफर चिठ्ठी तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे. त्यावर डॉक्टरांनी लिहिलंय: दोन्ही पापण्या झुकलेल्या, तोंडाला वास नाही, प्रतिसर्पविषाच्या १० व्हायल दिल्या, श्वसनाला त्रास, पुढील उपचारासाठी पाठवत आहे. ही चिठ्ठी वडील जिवंत असताना, दंशानंतर काही तासांत, सरकारी डॉक्टरांनी त्यांना स्वतः तपासून लिहिलेली आहे. फवारणीच्या औषधाची विषबाधा असती तर बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडातून लाळ वाहते, उग्र वास येतो. यातलं काहीच तिथं नोंदलेलं नाही. झुकलेल्या पापण्या आणि प्रतिसर्पविषाचा डोस या दोन नोंदींवरून कुठल्याही डॉक्टरला कळतं की समोर सर्पदंशाचा रुग्ण होता.

योजनेच्या नियमातही हे स्पष्ट आहे. रस्त्यावरचा किंवा रेल्वेचा अपघात, बुडणं, गुन्ह्यातून आलेला मृत्यू, यांची पोलिसांकडे नोंद हवी. सर्पदंश किंवा झाडावरून पडणं अशा घटनांत मात्र तातडीने घेतलेल्या उपचाराच्या रुग्णालयीन नोंदीने कारणाला आधार मिळाला पाहिजे. म्हणजे तुमच्या दाव्यात सगळ्यात वजनदार कागद रेफर चिठ्ठी आणि केसपेपर हे आहेत. पंचनामा आणि शवविच्छेदन त्यांच्या मागे येतात. तुम्ही मात्र फक्त मृत्यूचा दाखला जोडत होता. त्यावर मृत्यू कधी, कुठं झाला एवढंच असतं, कशाने झाला हे नसतं.

एक कागद अजून आणायचाय. वडील जिल्ह्याच्या रुग्णालयात सव्वा दिवस व्हेंटिलेटरवर होते. तिथले आंतररुग्ण कागद आणि डेथ समरी तुमच्याकडे नाही. रुग्णालयाच्या अभिलेख कक्षात, वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करा, आंतररुग्ण क्रमांक लिहा (तो शवविच्छेदन अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात आहे), आणि डेथ समरीची साक्षांकित प्रत मागा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्यात सर्पदंश असं निदान लिहिलं असेल तर व्हिसेराचा अहवाल येईपर्यंत तुमचा दावा त्याच्या बळावर चालू शकतो. व्हिसेराची वाट पाहत घरी बसू नका. तो अहवाल प्रयोगशाळेतून पोलीस ठाण्यात येतो, तिथून तुम्हाला मिळतो, आणि त्याला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नाही. अर्जात लिहा की आल्यावर सादर करू.

आता एका गोष्टीबद्दल सरळ बोलतो. फोनवर तुम्ही दीड वाजल्यापासून चार वाजेपर्यंतचा वेळ सांगताना थांबलात. मग आईंनी सांगितलं की आधी गावातल्या मारुतीच्या पारावर नेलं होतं, तिथं पाऊण तास गेला. हे अर्जात लिहायचं की नाही, असं तुम्ही विचारलंत. लिहा. जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या कागदात दाखल करतानाचा इतिहास लिहिलेला असतो, आणि तुमच्याबरोबर गेलेल्या चुलत भावाने तिथं ते सांगितलंय. अर्जात अडीच तासांची पोकळी ठेवली आणि रुग्णालयाच्या कागदात ती भरलेली सापडली, तर वाचणाऱ्याला वाटतं अजूनही काही लपवलंय. उपचाराला उशीर झाला म्हणून या विम्यात दावा नाकारायची तरतूद नाही. आपल्याकडे साप चावल्यावर आधी मारुतीकडे नेतात, मराठवाड्यातल्या कुठल्याही शाखेत बसलेल्या माणसाला ते माहीत आहे. एका ओळीत, बचाव न करता लिहा आणि पुढे चला.

तुमच्या कागदांत अजून दोन विसंगती आहेत. पहिली वयाची, आणि ती धोक्याची आहे. केसपेपरवर वय ७२ लिहिलंय. आधारवर जन्मवर्ष १९५९ आहे, म्हणजे वडील ६६ वर्षांचे होते. हा विमा १८ ते ७० वर्षांपर्यंतच्या खातेदाराला मिळतो. नुसता केसपेपर पाहिला तर दावा वयावरच संपतो. पहाटे चार वाजता घाबरलेल्या चुलत भावाने विचारल्यावर अंदाजाने आकडा सांगितला, बाकी काही नाही. पण कृपा करून केसपेपरवर कुणाकडून खाडाखोड करून आणू नका. आमच्या शाखेतला एक दावा मी असा बुडताना पाहिलाय. मूळ चूक साधी होती, पण आकड्यावर फिरवलेलं पेन पाहून सगळ्या फाइलवरचाच विश्वास गेला. कागद आहे तसा जोडायचा आणि अर्जात लिहायचं की प्रवेशाच्या वेळी नातेवाइकाने अंदाजे वय सांगितले, प्रत्यक्ष जन्मदिनांक आधारप्रमाणे आणि बँकेतील नोंदीप्रमाणे अमुक आहे. बँकेच्या संगणकात वडिलांची जन्मतारीख आहेच. शाखाधिकाऱ्यांना ती दाव्याच्या फॉर्मवर भरायची विनंती करा.

दुसरी, अकस्मात मृत्यूच्या नोंदीचे दोन क्रमांक. मृत्यू जिल्ह्याच्या रुग्णालयात झाल्यामुळे तिथल्या पोलिसांनी आधी शून्य क्रमांकाने नोंद घेतली, त्यावर मरणोत्तर पंचनामा झाला, आणि नंतर ते कागद तुमच्या हद्दीतल्या ठाण्याकडे आले तेव्हा २४ जुलैला नवा क्रमांक पडला. दोन्ही बरोबर आहेत. पण अर्जात एकच लिहिला आणि पंचनाम्यावर दुसरा दिसला तर पुन्हा शेरा येतो. दोन्ही लिहा, आणि कुठून कुठं वर्ग झाला तेही लिहा.

"दरवर्षी पैसे कापतात" हे वाक्य काढा आणि त्या जागी एक नोंद लिहा. हा विमा दर १ जूनला सुरू होतो आणि पुढच्या ३१ मेला संपतो. म्हणजे जुलै २०२५ च्या घटनेसाठी मे २०२५ मधली कपात दाखवावी लागते. गेल्या वर्षीची चालत नाही. पासबुकाच्या फोटोत २८ मे २०२५ ला २० रुपये वजा झालेत आणि त्या ओळीत PMSBY ही या योजनेची इंग्रजी आद्याक्षरं आहेत. पासबुक पुन्हा भरून घ्या, त्या पानाची झेरॉक्स काढा, ओळीखाली पेन्सिलने हलकी रेघ ओढा. ही ओळ नसेल तर बाकी कुठल्याच कागदाला अर्थ नाही. आणि तुम्ही म्हणालात की जिल्हा बँकेतल्या खात्यातूनही कधीतरी असे पैसे गेले होते. तसे गेले असले तरी एका माणसाला एकच संरक्षण, दोन लाखांचंच. दावा एकाच बँकेत करा, ज्या खात्याची ओळ तुमच्या हातात आहे त्या.

आता अर्ज कुणी करायचा. तुम्ही स्वतःच्या नावाने केलाय, आणि विमा कंपनीला. वारसनोंद आईंच्या नावे आहे, हे तुम्ही नावनोंदणीच्या फॉर्मच्या फोटोत पाठवलंय. म्हणून अर्जदार आई. त्या अंगठा लावतात, तर अंगठ्याशेजारी ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या. आईंच्या नावचं आधार आणि त्यांच्या एकट्यांच्या खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान जोडा. अर्ज जायचा वडिलांचं खातं होतं त्या शाखेच्या शाखाधिकाऱ्यांच्या नावे. या विम्यात पॉलिसी बँकेच्या नावाने असते, तुमच्या हातात पॉलिसी येतच नाही. तुमच्याकडून कागद घेऊन बँकच ते कंपनीकडे पाठवते. छापील दावा फॉर्म शाखेत मिळतो. त्यात अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण आणि स्वरूप विचारलेलं असतं. तिथं जे लिहाल तेच शब्दशः पत्रात असू द्या.

उशिराबद्दल. दावा अपघातापासून ३० दिवसांत शाखेत द्यायचा असतो. दंश १९ जुलैचा, म्हणजे मुदत १८ ऑगस्टला संपली. आज तुम्ही ११ दिवस मागे आहात. पण २०११ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना परिपत्रक काढून सांगितलंय की न टाळता येण्यासारख्या कारणाने उशीर झाला असेल तर केवळ उशिरावर बोट ठेवून खरा दावा नाकारू नये. तुमचं कारण भक्कम आहे आणि त्याला कागद आहे: शवविच्छेदन अहवालाची प्रत तुम्हाला २१ ऑगस्टला मिळाली, प्रतीवर पोलीस ठाण्याचा तारखेचा शिक्का आहे. "घरात दुःख होतं" हेही खरं आहे. पण कागद आहे ते कारण आधी लिहा. पुढे गावात कुणावर अशी वेळ आली तर त्यांना एवढं सांगा की सगळे कागद जमेपर्यंत थांबायचं नसतं. घटनेची एक ओळ लिहून शाखेत द्यायची, आवक शिक्का घ्यायचा, कागद मागाहून द्यायचे.

हे सगळं धरून पत्र असं होईल. कंसातल्या जागा तुम्ही भरा:

"प्रति, मा. शाखाधिकारी, (बँक व शाखा).

विषय: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेखाली अपघाती मृत्यूचा दावा. खातेदार (आधारप्रमाणे पूर्ण नाव), बचत खाते क्र. (…).

महोदय,

मी वरील खातेदारांची पत्नी व नोंदणीकृत वारस आहे. त्यांच्या खात्यातून दि. २८/०५/२०२५ रोजी या योजनेचा २० रुपये हप्ता वजा झाला आहे. त्यांचा जन्मदिनांक आधारप्रमाणे (…)/१९५९ आहे.

दि. १८/०७/२०२५ रोजी सायंकाळी ते (गाव) शिवारातील गट क्र. (…) मधील आमच्या आखाड्यावर मुक्कामास गेले. दि. १९/०७/२०२५ रोजी पहाटे अंदाजे १.३० वाजता जमिनीवर झोपलेले असताना त्यांच्या उजव्या करंगळीला साप चावला. काळ्या रंगाचा, पांढरे पट्टे असलेला साप त्यांनी स्वतः पाहिला. पहाटे १.३८ वाजता त्यांनी मुलास फोन करून ही गोष्ट सांगितली. मुलगा व पुतण्या यांनी त्यांना मोटारसायकलवर गावात आणले. गावातील मारुती मंदिरात अंदाजे पाऊण तास गेला. पापण्या मिटू लागल्याने लगेच निघून पहाटे ४.१० वाजता त्यांना ग्रामीण रुग्णालय, (…) येथे दाखल केले. तेथे प्रतिसर्पविष देऊन १०८ रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवण्यात आले, तेथे सकाळी ६.४० वाजता दाखल झाले. व्हेंटिलेटरवर उपचार चालू असताना दि. २०/०७/२०२५ रोजी सकाळी ११.२० वाजता त्यांचे निधन झाले.

मृत्यूची नोंद (…) पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू क्र. ०/(…) अशी होऊन ती पुढे (…) पोलीस ठाण्याकडे वर्ग झाली, तेथील क्र. (…), दि. २४/०७/२०२५. शवविच्छेदन दि. २०/०७/२०२५ रोजी झाले असून व्हिसेरा तपासणीचा अहवाल प्राप्त होताच सादर करीन. सर्पदंशाचे निदान व उपचार यांची नोंद ग्रामीण रुग्णालयाच्या रेफर चिठ्ठीत व जिल्हा रुग्णालयाच्या डेथ समरीत आहे.

ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर वय ७२ नमूद आहे, ते प्रवेशाच्या वेळी पुतण्याने अंदाजे सांगितलेले आहे. त्याच केसपेपरवर त्यांचे घरगुती नाव लिहिले आहे. ती व्यक्ती व खातेदार एकच आहेत.

शवविच्छेदन अहवालाची प्रत आम्हास दि. २१/०८/२०२५ रोजी मिळाली, त्यामुळे दावा सादर करण्यास उशीर झाला. तो क्षमापित करून दावा विमा कंपनीकडे पाठवावा ही विनंती.

(अर्जदाराचा अंगठा, नाव, मोबाइल, दोन ओळखदारांच्या सह्या)"

खाली जोडपत्रांची यादी याच क्रमाने लिहा, म्हणजे पत्रातली ओळ वाचत जाणाऱ्याच्या हाताखाली पुढचा कागद आपोआप येतो: पासबुकाची नोंद, आधार, फोनचा स्क्रीनशॉट, केसपेपर व रेफर चिठ्ठी, डेथ समरी, मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आईंचं आधार व पासबुक. प्रत्येकाच्या कोपऱ्यात अनुक्रमांक टाका. शवविच्छेदन अहवालाचं दुसरं पान तुमच्या फोटोत नाहीच. दंशाच्या जागेचं वर्णन बहुधा त्याच पानावर असतं, ते घरी शोधा किंवा ठाण्यातून पुन्हा घ्या.

केसपेपरवर वडिलांचं घरातलं नाव आहे आणि आधारवर वेगळं, यासाठी पत्रातली ओळ बहुतेक पुरते. शाखेने आग्रह धरला तर एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. ते आधीच करून पैसे घालवू नका.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. "ठेवून जा, बघतो" असं कुणी म्हणालं तरी शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्क्याच्या तारखेपासून बँकेने ३० दिवसांत दावा कंपनीकडे पाठवायचा असतो आणि कंपनीने त्यापुढच्या ३० दिवसांत निकाली काढायचा असतो. पहिले ३० दिवस झाले की शाखेत जाऊन कंपनीकडे पाठवल्याची तारीख आणि कंपनीचा दावा क्रमांक लिहून घ्या. दावा नाकारला तर कारण लेखी मागा, आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. मराठवाडा त्यांच्याकडे येतो, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. नकारापासून एक वर्षाची मुदत असते.

आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाचा अर्ज तुम्ही केलेला नाही असं आई म्हणाल्या. सातबारा वडिलांच्या नावे आहे, सर्पदंश त्यात बसतो. तो तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा. त्यालाही ३० दिवसांचीच मुदत आहे, तेव्हा तिथंही उशिराचं हेच कारण, हाच शिक्का दाखवा. कागद जवळजवळ तेच लागतात, म्हणून सोमवारी झेरॉक्सचे दोन संच करा. त्या संचाच्या पत्रातही दंशाची वेळ, रुग्णालयाच्या वेळा आणि दोन्ही अकस्मात मृत्यू क्रमांक अक्षरशः हेच ठेवा. डेथ समरी हातात आली की मला फोटो पाठवा. त्यातली दाखल झाल्याची वेळ ६.४० च आहे ना ते पाहू, आणि वेगळी असेल तर पत्रात रुग्णालयाचीच वेळ घालू.